कुत्र्याचे सुतक

आपली मराठी भाषा मरणाच्या बाबतीत मोठी हिशेबी आहे. माणूस वारतो, निवर्ततो, देवाघरी जातो. मोठा असला तर त्याचे महानिर्वाण होते. जनावर मात्र नुसते मरते. ज्याच्या घरातला कुत्रा किंवा मांजर दहा-बारा वर्षे घरातलाच होऊन राहिले, त्याच्यापुढे पहिल्याच दिवशी हा क्रियापदाचा पेच उभा राहतो. 'वारला' म्हणावे तर ऐकणारा हसतो. 'मेला' म्हणावे तर जीभ रेटत नाही, कारण तो शब्द आपण शिवीसारखाही वापरतो. शेवटी माणूस 'गेला' या शब्दावर तडजोड करतो आणि समोरचा विचारतो, "गेला? कुठे गेला? शोधलात का?"

गेल्या श्रावणात आमचा भुऱ्या गेला, तेव्हा ही तडजोड मी निदान वीस वेळा केली. आम्ही दोघे नवरा-बायको तोरणमाळला राहतो. शाळेची नोकरी संपली तरी खाली उतरावेसे वाटले नाही, म्हणून इथेच राहिलो. सातपुड्याच्या माथ्यावरचे हे गाव. पावसाळ्यात धुके असे उतरते की अंगणातून यशवंत तलाव तर राहोच, कुंपणही दिसत नाही. अशा धुक्यात घराला कान असावे लागतात. अकरा वर्षे ते कान भुऱ्याचे होते. मातकट रंगाचा साधा गावठी कुत्रा. त्याने कधी चोर पकडला नाही, कुणाला पाण्यातून काढले नाही. पराक्रम म्हणून सांगावे असे त्याच्या नावावर काहीही नाही, आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

उन्हाळ्यापासून तो पाणी फार पिऊ लागला होता, अंगाने उतरला होता, तोंडाला एक आंबूस वास येऊ लागला होता. म्हाताऱ्या कुत्र्यात ही मूत्रपिंडाच्या विकाराची लक्षणे असतात. शहाद्याला, म्हणजे घाट उतरून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, गुरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी रक्त तपासले, सलाईन लावले, पथ्य सांगितले. दोन-तीन आठवडे बरे गेले. मग खाणे सुटले, ओकाऱ्या सुरू झाल्या, उभे राहता येईना. दुसऱ्यांदा नेले तेव्हा डॉक्टरांनी हळूच विचारले, "गुरुजी, त्याला सोडवायचे का?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि होकार दिला. भुलीच्या औषधाची मोठी मात्रा शिरेतून देतात. जनावर आधी गाढ झोपते, मग श्वास थांबतो, मग हृदय. सारे चार-दोन मिनिटांत होते. डोळे मिटत नाहीत, हे मात्र आधी कुणी सांगत नाही. त्या संध्याकाळी त्याला गोणपाटात गुंडाळून, पावसात घाट चढून आम्ही परत आलो.

हे सारे सविस्तर सांगितले, कारण पाळीव जनावराच्या दुःखाची एक गाठ इथेच असते. आपल्या आईबापांच्या बाबतीत, "आता पुरे" असे म्हणण्याची वेळ आपल्यापैकी फार थोड्यांवर येते. जनावराच्या बाबतीत ती येते, आणि होकार आपल्या तोंडून जातो. तो होकार दयेचा असला तरी रात्री तीन वाजता तो दयेचा वाटत नाही. त्याच्या जोडीला दुसरा विचार असतो, "आधी कळले असते तर?" याला डॉक्टरांकडे सरळ उत्तर आहे. मूत्रपिंडाला निसर्गाने मोठी शिल्लक दिलेली असते. तिचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग खर्ची पडेपर्यंत रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत आकडा चढत नाही आणि जनावर शेपूट हलवीत हिंडत असते. म्हणजे बहुतेक घरांत 'आधी' असे काही हाती लागण्यासारखे नसतेच. पण हे उत्तर मनाला पटायला ते कुणीतरी विचारावे लागते, आपण सांगावे लागते, आणि पुन्हापुन्हा सांगावे लागते. घोडे अडते ते इथेच.

आता लोक काय म्हणाले ते पाहू. वाईट कुणीच बोलले नाही. तीन वाक्ये मात्र इतक्या वेळा ऐकली की ती जणू छापूनच ठेवली असावीत.

पहिले वाक्य, "अहो, कुत्राच होता ना!" बोलणाऱ्याला वाटते, आपण दुःखाचे ओझे हलके केले. प्रत्यक्षात त्याने ओझे तिथेच ठेवून त्यावर लाजेची आणखी एक पाटी चढवलेली असते. ऐकणारा मनात म्हणतो, "कुत्राच होता, मग मला भाकरी का जात नाही? माझेच काही बिघडले असेल." दुसरे वाक्य, "दुसरे पिल्लू आणा, आमच्याकडे चार आहेत." यात माया असते, पण अर्थ असा निघतो की गेले ते एक भांडे होते, फुटले, बाजारात तसलेच मिळते. विधुराला स्मशानातून परतताना कुणी स्थळ सुचवत नाही, निदान पूर्वीही दोन महिने थांबत असत. आणि तिसरे वाक्य, "लोकांची तरणीताठी मुले जातात, त्यांनी काय करावे?" हे सर्वांत जड. कारण याला उत्तर देता येत नाही. जणू दुःखाचा एक ठरावीक साठा असून त्यातले आपण कुणा आईच्या वाट्याचे उचलले! दुःख शिधावाटपाच्या दुकानावर मिळत नाही. एकाने घेतले म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही. पण हे त्या क्षणी सुचत नाही. माणूस गप्प होतो, आणि त्या दिवसापासून लपवायला शिकतो.

गप्प बसल्याने नेमके काय बिघडते, हे समजायला आपल्याच घरातले माणसाचे मरण आठवून पाहावे. घरी माणूस गेले की त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारी किंवा सोयरे पिठले-भाकरी घेऊन येतात, कडू घास भरवतात. मग दहा दिवस सुतक. त्यातले शिवाशिवीचे भाग सोडून देऊ. पण त्या दहा दिवसांत तुम्हाला कुणी कामाला जुंपत नाही, सणाला बोलावत नाही, दाढी का वाढली विचारत नाही. रोज माणसे येतात आणि प्रत्येक जण एकच विचारतो, "कसे झाले हो?" घरचा कर्ता तीच हकिगत तीस वेळा सांगतो. पहिल्या दिवशी ती सांगताना तो मध्येच तुटतो, पाचव्या दिवशी अडखळतो, दहाव्या दिवशी ती गोष्ट नदीतल्या गोट्यासारखी घासून गुळगुळीत झालेली असते. हातात धरता येते. सांत्वन म्हणतात ते उपदेशाने होत नाही, या घासण्याने होते. तेराव्याला गोडाचा घास घालून समाज सांगतो, आता चालू लागा.

भुऱ्याच्या बाबतीत हकिगत कुणी विचारलीच नाही. त्यामुळे ती पहिल्या दिवशी होती तशीच, सगळ्या कोपऱ्यांसकट, आत राहिली. अमेरिकेतील केनेथ डोका नावाच्या प्राध्यापकांनी 1989 साली या प्रकाराला एक नाव दिले. त्याचे मराठी मी 'हक्क नाकारलेले दुःख' असे करीन. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की समाजाजवळ दुःखाचे काही अलिखित नियम असतात: कुणी, कुणासाठी, किती दिवस रडायचे. त्या यादीत जे नाते नाही, त्यासाठी रडणाऱ्याला रजा मिळत नाही, विधी मिळत नाही, विचारपूस मिळत नाही. दुःख तेवढेच असते. आधार तेवढा काढून घेतलेला असतो. म्हणून ते अधिक लांबते.

दुःख 'तेवढेच' कसे, असे कुणी विचारील. मी गणित मांडून पाहिले. अकरा वर्षे, दिवसातून दोन वेळा भाकरी-ताक किंवा भाकरी-दूध. म्हणजे आठ हजारांवर वाडगे या हातांनी भरले. शहरातल्या सख्ख्या भावाला अकरा वर्षांत मी किती वेळा भेटलो, ते मोजायला दोन्ही हातांची बोटे लागतील, फार नाही. नाते वंशावळीत मोठे असते, पण सवयीच्या अंगाने पाहिले तर जनावर दिवसाच्या प्रत्येक तासात शिरलेले असते. म्हणून हे दुःख रडण्याच्या वेळी येत नाही, भलत्याच वेळी येते. सौ. भाकऱ्या थापते आणि हात सवयीने एक जास्तीची थापतो. ती उरलेली भाकरी टोपल्यात पाहून दोघेही काही बोलत नाहीत. पहाटे पाच वाजता दार खरवडल्याचा आवाज येतो आणि उठून बसल्यावर ध्यानात येते की आवाज आलाच नव्हता. काही घरांत असे आठवडे चालते, काहींत महिने. यात वेडेपणा काही नाही. सवय मोडायला जेवढा काळ लागतो तेवढा लागतो.

आपल्या देशाला हे दुःख ठाऊकच नव्हते असे मात्र नाही. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर माहुलीला छत्रपती शाहूमहाराजांची समाधी आहे. महाराज 1749 साली गेले. तिथेच त्यांच्या खंड्या नावाच्या लाडक्या कुत्र्याचेही स्मारक आहे. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असे सांगतात. त्याही मागे जायचे तर कर्नाटकात, मंड्या जिल्ह्यातल्या आतकूर गावचा शिलालेख पाहावा. काळ राष्ट्रकूटांचा, साल 949-50. गंग राजा बूतुग याने मणलेर नावाच्या सरदाराच्या पराक्रमावर खूश होऊन 'काय हवे ते माग' म्हटले, तेव्हा त्याने राजाची काळी नावाची कुत्री मागून घेतली. पुढे एका रानडुकराशी झुंजताना डुक्कर आणि काळी दोघेही मेले. मणलेराने देवळासमोर तिचा वीरगळ उभारला, त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली, आणि जो पुजारी या दगडाची पूजा न करता जेवील त्याला कुत्रीचे पाप लागेल, असे दगडावर कोरून ठेवले. हजार वर्षांपूर्वीचा हा सरदार माणसांना चांगला ओळखत होता! आपण गेल्यावर लोक 'कुत्रीच होती ना' म्हणणार, हे जाणून त्याने आधीच बंदोबस्त केला.

पण या दोन्ही स्मारकांकडे जरा नीट पाहा. खंड्याने वाघ अडवला, काळीने रानडुक्कर मारले. धर्मराजाबरोबर हिमालय चढणारा कुत्रासुद्धा शेवटी साक्षात यमधर्म निघाला. म्हणजे कुत्र्यासाठी दुःख करायला आपण परवानगी देतो, पण त्याने तशीच काही मर्दुमकी गाजवलेली असेल तर! बैलाचेही तसेच. बैल गेला तर शेतकऱ्याच्या घरी माणसे भेटायला येतात, त्याचा दहावा घातल्याच्या बातम्याही अधूनमधून वाचायला मिळतात. त्यात प्रेम असतेच, पण समाजाला ते पटते याचे कारण बैलाने नांगर ओढलेला असतो. जनावरासाठी रडू नये असा आपला नियम नाही. हिशेब दाखवल्याशिवाय रडू नये असा आहे. आणि ज्याने उभ्या जन्मात नुसती सोबत केली, त्याचा हिशेब दाखवायचा कसा?

या ठिकाणी मला व्हिएन्नाचे डॉक्टर फ्रॉइड आठवतात. शोक या विषयावर 1917 साली निबंध लिहून त्यांनी साऱ्या जगाला विचार करायला लावले. त्यांची योफी नावाची कुत्री रोगी तपासायच्या खोलीत त्यांच्याजवळ बसून असे. ती जानेवारी 1937 मध्ये, शस्त्रक्रियेनंतर, गेली. फ्रॉइड तेव्हा ऐंशी वर्षांचे होते, स्वतः जबड्याच्या कर्करोगाने गांजलेले होते. सात वर्षांची ही जवळीक अशी सहजासहजी विसरता येत नाही, अशा आशयाचे पत्र त्यांनी आपल्या लेखक मित्राला लिहिले. योफीने वाघ मारला नव्हता. शोकाचे शास्त्र रचणाऱ्यालाही हिशेब दाखवावासा वाटला नाही.

शास्त्राच्या पोथीत मात्र अजून जागा झालेली नाही. मानसिक विकारांच्या निदानासाठी अमेरिकेत जो ग्रंथ वापरतात, त्याच्या 2022 च्या आवृत्तीत 'लांबलेला शोक' हा विकार म्हणून आला. वर्ष उलटले तरी माणूस त्याच जागी अडकलेला असेल तर तो धरायचा. पण तिथे मरण 'व्यक्तीचे' असायला हवे, अशी अट आहे. म्हणजे डॉक्टरकडे गेलात तरी तो कदाचित दुसरेच काही शोधील. म्हणून घरच्यांनीच डोळे उघडे ठेवावे. रडू येणे, आवाजाचे भास होणे, त्याच्या वाडग्याला हात न लावणे, हे सारे दुःखाचे नेहमीचे चालणे आहे. पण महिने लोटूनही झोप-जेवण परतत नसेल, माणूस घराबाहेर पडत नसेल, 'मीच त्याला मारले' यापलीकडे बोलत नसेल, किंवा 'आता कशाला जगायचे' असे शब्द निघू लागले, तर 'कुत्र्यासाठी डॉक्टर कसला' असे न म्हणता लगेच न्यावे. एकटे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत तर अधिकच. त्याच्याशी दिवसभर बोलणारे, त्याला सकाळी उठवणारे, फिरायला लावणारे ते एकच होते, हे ध्यानात घ्यावे. मुलांना 'तो पळून गेला' अशी थाप मारू नये. मूल दाराशी वाट पाहत बसते, आणि खरे कळल्यावर त्याचे दुःख दुप्पट होते: एक कुत्र्याचे, एक आपल्यावरल्या विश्वासाचे.

आमच्या बाबतीत दार उघडले ते असे. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या पाड्यावरचे एक वृद्ध पावरा शेतकरी इरले डोक्यावर घेऊन आले. ओट्यावर टेकले. विचारले, "गुरुजी, कसा गेला?" मी सांगितले. पाणी पिणे, शहादा, सुई, उघडे डोळे, सगळे. त्यांनी मध्ये एक शब्द काढला नाही. मग म्हणाले, "चांगला कुत्रा होता. रात्री माझा पाय ओळखायचा, भुंकायचा नाही." आणि विचारले, "कुठे पुरला?" आम्ही मागे जाऊन पाहिले. खड्डा आम्ही कमरेइतका खोल खणला होता, विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, उताराच्या वरच्या अंगाला. तरी ते म्हणाले की माती भिजून खचली की कोल्हे उकरतात, दगड हवेत. आम्ही दोघांनी पावसात पंधरा-वीस दगड आणून वर रचले. सारा मिळून तासाभराचा प्रकार. पण त्या रात्री सौ. पहिल्यांदा पोटभर जेवली.

त्यात त्यांनी केले काय, हे मी नंतर पुष्कळ वेळा ताडून पाहिले. तीनच गोष्टी. 'कसा गेला' विचारून हकिगत बाहेर येऊ दिली. आपल्या आठवणीतली एक खरी खूण सांगितली, म्हणजे भुऱ्या आमच्या डोक्यातच नव्हता, गावातही होता, याला साक्ष मिळाली. आणि हाताला काम दिले. उपदेश नाही, तुलना नाही, पिल्लू नाही. हे तिन्ही कुणालाही जमण्यासारखे आहे. शहरात पुरायला जागा नसते, हे खरे. मुंबईत महापालिकेने मालाडला 2023 मध्ये लहान जनावरांसाठी गॅसवरची दाहिनी सुरू केली, ती याच गरजेपोटी. पण तिथेही बरोबर जायला एक माणूस लागतो. ते माणूस व्हायला खर्च काहीच येत नाही. नवे पिल्लू आणायचे की नाही, कधी आणायचे, ते त्या घराला ठरवू द्यावे. कुणाला महिन्यात हवेसे वाटते, कुणाला कधीच नाही.

आता हा अंक हाती पडेल तेव्हा फराळाची ताटे इकडून तिकडे जात असतील. माणूस गेलेल्या घरी पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही, शेजारणी फराळ नेऊन देतात, ही आपली जुनी आणि चांगली चाल. वसुबारसेला गाय-वासराला ओवाळून जी दिवाळी सुरू होते, तिला जनावराचे दुःख परके वाटायचे कारण नाही. तुमच्या ओळखीत असे एखादे घर असेल, जिथे गेल्या वर्षी फटाके वाजले की कुणीतरी खाटेखाली शिरत होते आणि यंदा खाटेखाली कुणी नाही, तर त्या घरी फराळाचे ताट घेऊन जा. 'यंदा फटाक्यांचा त्रास नाही, बरे झाले' असे म्हणू नका. नाव घेऊन विचारा, कसा गेला म्हणून. आणि मग अर्धा तास घड्याळाकडे पाहू नका.